सांडलेले तीन, उभे दोन

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, तुमच्याकडे येणाऱ्या गमतीदार माणसांविषयी लिहा. गमतीदार माणसं येतात, त्यांच्याविषयी लिहीनही. पण लिहायला बसले की एकच कार्ड डोळ्यांसमोर येतं आणि त्याच्यात गंमत फारशी नाही.

मी टॅरो वाचते. मुलुंड पूर्वेला माझ्या मावशीचं ब्युटी पार्लर आहे. त्याच्या मागे एक खोली आहे, तिथे सकाळी फेशियल होतं आणि दुपारी तीननंतर ती माझी असते. खुर्ची तीच, फक्त मागे झुकवलेली पाठ सरळ करायची. समोर एक घडीचं टेबल, त्यावर निळं कापड. खोलीला कायम ब्लीचचा वास येतो. अगरबत्ती लावून पाहिली, तर दोन्ही वास मिळून आणखी वाईट झालं.

हे काम मी तेविसाव्या वर्षी सुरू केलं, आता एकोणतीस पूर्ण होतील. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. कार्डांची पुस्तकं वाचली ती इंग्रजीत, आणि सुरुवातीला मला वाटायचं की माझ्याकडे येणाऱ्या मुली माझ्यासारख्याच असतील. पण आल्या त्या मावशीच्या गिऱ्हाइकांपैकी. आयब्रो करायला आलेल्या, आत कोण बसलंय म्हणून डोकावणाऱ्या. त्यांच्याशी बोलताना माझं मराठी किती तोकडं आहे ते कळलं. ‘सूट ऑफ कप्स’ला काय म्हणायचं? मी ‘पेले’ म्हणायला लागले. एक मालवणी आजी म्हणाली, “पेलो बरो, पण त्येच्यात काय आसा?” हा प्रश्न मला आजही उत्तम वाटतो.

आई शेजाऱ्यांना सांगते की मी काउन्सेलिंग करते. मी दुरुस्त करत नाही. मी स्वतः यावर किती विश्वास ठेवते, असं लोक विचारतात तेव्हाही मी हसते आणि विषय बदलते. मला तोंडातल्या तोंडात बोलायची सवय आहे. शाळेत बाई म्हणायच्या, उत्तर येतं तर हात वर कर. मी करायचे नाही. समोरचा माणूस आणि मी यांच्यात एक टेबल असतं आणि टेबलावर बघायला काहीतरी असतं, हे या कामातलं मला आवडलेलं पहिलं. एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

आता बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. एका गड्डीत अठ्ठ्याहत्तर कार्डं असतात. बावीस मोठी, उरलेली चार घरांत वाटलेली: पेले, नाणी, तलवारी, काठ्या. त्यातलं पेल्यांचं घर म्हणजे पाणी, म्हणजे भावना, नाती. कुठल्याही घरातला पाचवा आकडा म्हणजे बिघाड. चारपर्यंत बसलेली घडी पाचावर विस्कटते. त्यामुळे पाच पेल्यांचं कार्ड म्हणजे मनाच्या प्रांतातला बिघाड, इतकं तर नुसत्या हिशेबानंही कळतं.

चित्र असं: काळा झगा पांघरलेलं एक माणूस मान खाली घालून उभं. समोर तीन पेले आडवे पडलेत, आतलं सांडलंय. पाठीमागे दोन पेले सरळ उभे आहेत, पण ते त्याला दिसत नाहीत, कारण ते वळून बघत नाही. पलीकडे नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे एक लहानसा किल्ला. माणूस बाई की पुरुष ते चित्रावरून सांगता येत नाही. जो बघतो तो स्वतःच्या सोयीनं ठरवतो.

माझ्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न नोकरीचा नाही आणि लग्नाचाही नाही. ‘पुन्हा जमेल का’ हा आहे. सुटलेला नवरा, सोडलेला बॉयफ्रेंड, बोलणं बंद केलेली बायको. आणि या प्रश्नाला पाच पेले आले की नवखा वाचणारा पटकन म्हणतो, नाही. हो-नाहीच्या भाषेत ते फारसं चूकही नाही. जे सांडलं ते परत पेल्यात भरत नाही. पण कार्ड तेवढंच म्हणत नाही. ते म्हणतं की कुणीतरी अजून शोकात आहे, आणि शोकात असताना माणूस पुलाकडे चालत नाही, सांडलेल्याकडे बघत राहतो. म्हणजे ‘कधीच नाही’ असं नसून ‘असं नाही, आत्ता नाही’. जुनं नातं जसं होतं तसं गेलंय. परत जायचं असेल तर वळून, उरलेलं उचलून, पूल ओलांडून नव्या ठिकाणी जावं लागेल.

यात तीन गोष्टी बघाव्या लागतात. कार्ड सरळ पडलंय की उलटं. शेजारी कोण आहे: दोन पेल्यांचं, म्हणजे जोडप्याचं कार्ड किंवा न्यायाचा कर्णा वाजवणारा देवदूत असेल तर पूल चालता येण्यासारखा असतो, तीन तलवारी किंवा कोसळणारा मनोरा असेल तर पलीकडे काही उरलेलं नसतं. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, ते कुणाच्या जागी पडलंय. कारण मांडणीत प्रत्येक जागेला नाव असतं: तुम्ही, समोरचा, दोघांमधलं, सल्ला, पुढची वाट. ‘तुम्ही’च्या जागी पडलं तर शोक तुमचा. ‘समोरच्या’च्या जागी पडलं तर शोक त्याचा. एवढंच. तो शोक कशाचा, हे कार्ड सांगत नाही.

हे शेवटचं वाक्य मला पाठ होतं. तरी चूक तिथेच झाली.

आधी उलट्या कार्डाचं सांगते, म्हणजे फरक कळेल. घाटकोपरचे एक गृहस्थ यायचे, पन्नाशी उलटलेले, कपड्यांच्या दुकानात मॅनेजर. बायको अकरा वर्षांपूर्वी निघून गेली होती, पुण्याला असायची. पार्लरमधून आत यायला त्यांना इतका संकोच वाटायचा की बायकांकडे न बघता भिंतीला धरून यायचे. मावशी म्हणायची, “अगं, तुझे ते भिंतवाले आलेत.” त्यांचा प्रश्न: फोन करू का?

पाच पेले उलटे आले.

“उलटं म्हणजे उत्तर उलटं?” त्यांनी विचारलं.

“नाही काका. कार्ड उलटं करा, तर सांडलेलं खाली पडून जातं. म्हणजे शोक सुटतोय. माणूस वळायला लागलंय.”

“म्हणजे ती येईल?”

“कधी कधी जुनं माणूस परत येतं. कधी कधी ते आलं नाही तरी चालेल असं वाटायला लागतं. दोन्ही अर्थ खरे आहेत. फोन करून बघा, पण ती काय म्हणते त्यावर तुमचं सगळं अवलंबून नसेल, असं हे म्हणतंय.”

त्यांनी कार्ड जवळ ओढलं. मग म्हणाले, “म्हणजे मला आता तेवढं नको असेल, तर ते वाईट नाही ना?”

मी नाही म्हटलं. ते बायकांकडे बघून, “येतो हां,” असं सगळ्यांना सांगून मधून चालत गेले. फोन केला की नाही, माहीत नाही. परत आले नाहीत. या धंद्यात गिऱ्हाईक परत न येणं कधी कधी चांगलं असतं.

दुसऱ्या टोकाला भांडुपची एक मुलगी होती. दर आठवड्याला तोच मुलगा, तोच प्रश्न. मी नियम केला होता की काही बदललं नसेल तर महिन्याच्या आत तोच प्रश्न परत विचारायचा नाही, कारण मग माणूस उत्तर शोधत नाही, आवडीचं कार्ड शोधतो. ती मला फोनवरच्या टॅरो ॲपचे फोटो पाठवायची.

“मॅडम, ॲपवर आज दोन पेले आले! जोडपं! बघा ना!”

मी लिहायचे, “काल काय आलं होतं?”

“काल पाच. ते मी मोजलं नाही यार.”

हसायला यायचं. पण ‘मोजलं नाही’ हे आपण सगळेच करतो. मीही केलं.

वर्षाताई माझ्याकडे आली तेव्हा मला या कामाला तीन वर्षं झाली होती. ती पस्तिशीची, भांडुपला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. आयब्रो करताना मावशीला म्हणाली, “तुमच्या आतल्या मॅडमना विचारू का एक?” आत येऊन बसली आणि माझ्या हाताकडेच बघितलं. “शिरा छान आहेत तुमच्या,” म्हणाली. मी लाजले. अशी स्तुती कुणी केली नव्हती.

तिची हकिगत तिनं भरभर सांगितली, केसपेपर वाचल्यासारखी. नवरा प्रशांत. घर कांजूरमार्गला. त्यानं मारलं नाही, दारू नाही. फक्त घरात तो नसायचाच. असला तरी जे काही ठरायचं ते त्याच्या आईनं ठरवायचं, आणि तो मान हलवायचा. दोन वर्षांपूर्वी ती निघाली. भांडुपला लॅबमधल्याच एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज झाला. पहिली तारीख झाली. मग सहा महिने थांबायचं असतं आणि दुसऱ्या तारखेला दोघांनी पुन्हा जाऊन हो म्हणायचं. त्याआधी एकानं जरी संमती मागे घेतली तर अर्ज पडतो. ती दुसरी तारीख पंधरा दिवसांवर होती.

“आणि आता याचा मेसेज आलाय,” तिनं फोन पुढे केला. लिहिलं होतं: घर खायला उठतं. परत ये. पुन्हा सुरुवात करू.

“तुम्हाला काय वाटतं?” मी विचारलं.

“मला वाटत असतं तर इथे कशाला आले असते, मॅडम?”

ते बरोबरच होतं. मी पाच कार्डं मांडली.

तिच्या जागी आठ नाणी आली. एक कारागीर बाकावर बसून नाण्यावर कोरीव काम करतोय, एकामागून एक, मान वर न करता. कामात रमलेलं, हात बसत चाललेलं माणूस. त्याच्या, म्हणजे प्रशांतच्या जागी पाच पेले, सरळ. दोघांच्या मधे सहा पेले: दोन मुलं आणि फुलांनी भरलेले पेले, म्हणजे जुन्या दिवसांची आठवण. सल्ल्याच्या जागी उलटा टांगलेला माणूस: थांबा, दुसऱ्या बाजूनं बघा. पुढच्या वाटेवर चंद्र: काही स्पष्ट नाही.

आज ही मांडणी मला कुणी नुसती दाखवली तर मी डोळे मिटून वाचेन. तुमचं स्वतःचं काम बसत चाललंय. तो शोकात आहे, कशाच्या ते माहीत नाही. तुम्हा दोघांना आठवणी ओढतायत. घाई करू नका, कारण पुढचं दिसत नाही. दुसरी तारीख पुढेही ढकलता येते.

पण तेव्हा वर्षाताई रडायला लागली होती. आवाज न करता, सरळ बसून. आणि माझी एक खोड आहे, समोर कुणी रडलं की मला ती शांतता सहन होत नाही. प्रश्न विचारणं म्हणजे तिच्या डोळ्यांत बघणं. त्यापेक्षा बोलत सुटणं सोपं.

आठ नाण्यांवर मी म्हटलं, “काम चांगलं चाललंय तुमचं,” आणि पुढे गेले.

पाच पेल्यांवर थांबले. “हे ते आहेत. त्यांना खूप वाईट वाटतंय. सांडलेल्याकडे बघतायत.”

“माझ्यासाठी?”

इथे मी म्हणायला हवं होतं, ते माहीत नाही, तुम्ही सांगा, त्यांचं गेल्या काही दिवसांत काय काय गेलंय? एवढा एक प्रश्न. मी तो विचारला नाही. मी म्हटलं, “जे गेलं त्यासाठी.” आणि तिनं मान हलवली, जणू मी हो म्हटलं.

“आणि हे मागचे दोन?”

“हे दोन अजून उभे आहेत,” मी म्हटलं. मग मला काहीतरी चांगलं द्यायचं होतं तिला. इतकंच होतं ते. “हे दोन म्हणजे तुम्ही दोघं.”

ती हसली. डोळे पुसले. “अजून एक काढा ना, मॅडम. नक्की करायला.”

मी काढलं नाही. पक्कं करायला जास्तीचं कार्ड काढत सुटू नये, हा माझा नियम होता. आवडीचं येईपर्यंत काढत राहणारे वाचक मला आवडत नाहीत. मी ठामपणे नाही म्हटलं आणि मला स्वतःचा अभिमानही वाटला. बारका नियम पाळला. मोठा मोडलाय हे लक्षातही आलं नाही.

पंधरा दिवसांनी तिचा व्हॉइस मेसेज आला. संमती मागे घेतली होती. मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. “मॅडम, आले बघा घरी. तुमच्यामुळे.” पेढ्यांचा डबा तिनं मावशीकडे पाठवला. पुढच्या काही महिन्यांत लॅबच्या तीन-चार बायका माझ्याकडे आल्या, “वर्षानं सांगितलं, तुमचं अगदी खरं निघतं.” मी त्यांचे आभार मानले. पेढे मी खाल्ले.

मग जवळजवळ दीड वर्ष काही नाही.

मागच्या वर्षी मला सारखा थकवा यायचा. डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी सांगितली. मुलुंडलाच एका लॅबच्या केंद्रात उपाशीपोटी सकाळी गेले. टोकन घेतलं. आत हाक आली. मास्क लावलेली बाई ट्यूब्ज मांडत होती. तिनं मान वर केली आणि मला ओळखलं. मी तिला आवाजावरून ओळखलं, थोडं उशिरा.

“बस. नाव सांग.”

“वर्षाताई, तुम्हाला माहीत आहे ना माझं नाव.”

“माहीत असलं तरी पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आपण नाव घेऊन ‘तुम्ही अमुकच ना’ असं विचारायचं नाही. माणसं घाबरलेली असतात. कशालाही हो म्हणतात.”

ती मला ‘तू’ म्हणत होती, हे लक्षात आलं. मी नाव सांगितलं. मृण्मयी. पूर्ण. तिनं कागद तपासला, ट्यूबवर चिकटवलेलं नाव तपासलं. “उपाशी आहेस ना? रक्त काढताना चक्कर येते का? कुठली गोळी चालू आहे?” एकेक विचारत गेली, एकेकाचं उत्तर थांबून ऐकत. मग दंडाला पट्टा बांधला.

“मूठ आवळ.”

मी विचारलं, “तुम्ही इथे? भांडुपला होतात ना.”

“होते. मग घाटकोपरच्या केंद्राची इन्चार्ज करणार होते मला, ते पण ठरलं होतं. मग नोकरीच सोडली. आता परत आहे.” बोटानं ती शीर चाचपत होती. “आता मी जिला शिकवलं ना, ती माझी सिनिअर आहे. चांगली आहे पोरगी. मला मॅडम म्हणायला लावत नाही.”

“आणि घरी?”

“घरी भावाकडे. भांडुपला. स्वयंपाकघरात झोपते.” सुई आत गेली. दुखलं नाही. तिचा हात खरोखर बसलेला होता. “बघ, तू चुकीचं नाही सांगितलंस. तो रडत होताच. मी गेले तेव्हा पण रडायचा. पण माझ्यासाठी नाही. सासू गेली होती ना. दोन महिने झाले होते.”

मी ट्यूबमध्ये चढणाऱ्या रक्ताकडे बघितलं.

“मला माहीत होतं तेव्हा. मी तेराव्याला जाऊन आले होते. तुला नाही सांगितलं.”

“मी विचारलं नाही.”

“नाही विचारलंस.” ट्यूब भरली, तिनं दुसरी लावली. “सकाळची शिफ्ट सहाची असायची. त्याला सकाळी घर रिकामं सहन व्हायचं नाही. म्हणाला, थोडे दिवस सुट्टी घे. मग सोडच म्हणाला. आईसारखी कालवणं करून देत होते मी. आईच्या जागी बसत होते जेवायला. वर्षभरानं सावरला तो. मग म्हणाला, तू होतीस म्हणून मी उभा राहिलो. थँक्यू म्हणाला. नर्सला म्हणतात ना तसं. आणि परत होता तसाच झाला. घरात असून नसल्यासारखा.” पट्टा सोडला. “मूठ सोड.”

“आता?”

“आता परत अर्ज. पहिल्यापासून. पहिली तारीख, सहा महिने, दुसरी तारीख. जुनं काही धरत नाहीत ते.” तिनं सुई काढली, कापूस ठेवला. “वकील म्हणतो, तेव्हाच सही केली असतीत तर आज मोकळ्या असतात, ताई. मी म्हटलं, माहितीये रे बाबा.”

शाळेत उत्तर येत असून हात वर करता न येणारी मी, तेवढ्यापुरता धीर करून म्हणाले, “चुकलं माझं, ताई.”

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

“अर्धं चुकलं तुझं. अर्धं माझं. तुझं तू ने, माझं मी बघते.” मग कापसावर माझंच बोट ठेवून दिलं. “पाच मिनिटं दाबून धर. चोळू नकोस, काळं पडेल.” आणि दाराकडे बघून आवाज दिला, “पुढचं टोकन.”

बाहेरच्या बाकावर मी तिनं सांगितलेल्यापेक्षा जास्त वेळ कापूस दाबून बसले. आतून तिचा आवाज येत होता. कुणा आजोबांना ती विचारत होती, “बाबा, नाव तुमचं तुम्हीच सांगा.”

रिपोर्ट नॉर्मल आला. थकवा कशाचा होता ते डॉक्टरांना सापडलं नाही.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. आता पाच पेले आले की मी ते कार्ड समोरच्या माणसाच्या हातात देते. विचारते, यातलं माणूस कोण? तीन सांडलेत, ते कुठले? नावं सांगा. दोन उभे आहेत, ते कुठले? मी एकही नाव घेत नाही. मग माणसं बोलतात. एक बाई म्हणाली, सांडलेलं एक म्हणजे त्याचं प्रेम, दुसरं माझी दहा वर्षं, तिसरं म्हणजे त्याच्या गावची विहीर, तिथलं पाणी गोड होतं. ती स्वतःच हसली. मग थांबली आणि म्हणाली, पहिला पेला बहुतेक आधीच रिकामा होता हो. असं काहीतरी माणूस स्वतः म्हणतं, आणि परत जायचं की नाही हे मग मला सांगावं लागत नाही. कुणी परत गेले, कुणी नाही. त्यांना काय मिळालं ते मला माहीत नाही, पण निदान ते स्वतःच्या माहितीवर गेले.

काहींना हे आवडत नाही. “आम्ही सांगायचं तर तुमच्याकडे कशाला यायचं?” वर्षाताईही असंच म्हणाली होती. आता मी त्याला उत्तर देते. माझं मराठी अजून तोकडंच आहे, पण एवढं येतं: चित्र माझ्याकडे आहे, पेले तुमचे आहेत.

कामात लोक मला चांगली वाचणारी म्हणतात. ठीक आहे. संध्याकाळी खुर्चीची पाठ मावशीसाठी पुन्हा मागे झुकवताना मी कधी कधी ती पाच कार्डं मनात परत मांडते आणि त्या दिवशी न विचारलेला प्रश्न विचारते. ताई, हे मागचे दोन कुठले? ती काय म्हणाली असती ते मला आता अंदाजानं नाही, नक्की माहीत आहे. एक नोकरी, म्हणाली असती, आणि एक माझी भांडुपची खोली. तेव्हा दोन्ही तिच्याकडे होतं.